९४ वर अडकलेली केबल

पत्र

नमस्कार,
आमचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. फोनवर वायफायनं २६०-२७० येतात, पण केबल लावलेला कॉम्प्युटर ९४ च्या वर जात नाही. मी घरून लग्नाचे फोटो एडिट करून पाठवते, त्यामुळे रोजच अडतं. नेटवाला म्हणतो लाइन ठीक आहे, दुकानदार म्हणतो नवीन लॅन कार्ड घ्या. मुलाला सेटिंगमध्ये 100 Mbps Full Duplex दिसलं. त्यानं ते 1.0 Gbps Full Duplex केलं तर नेटच गेलं, म्हणून पुन्हा होतं तसं करून ठेवलं. राउटर हॉलमध्ये आहे, कॉम्प्युटर मागच्या खोलीत, मधली केबल भिंतीतून गेलेली. काय करू?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर

ताई, नवीन कार्ड घेऊ नका. त्या यादीत 1.0 Gbps चा पर्याय दिसतोय, म्हणजे तुमचं कार्ड गिगाबिटचं, १००० एमबीपीएसचं आहे. ड्रायव्हर कार्डाला न झेपणारा वेग सहसा यादीत दाखवतच नाही. नेटवाल्याचंही खरं आहे. फोनला वायफायवर २७० मिळतात, म्हणजे राउटरपर्यंत शंभरापेक्षा बरंच जास्त येतंय. अडलंय ते राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या त्या एका केबलीच्या टप्प्यात. मुलाने वेग बदलल्यावर नेट गेलं, हीसुद्धा माझ्या दृष्टीने कामाची खूण आहे. ती का, ते सांगतो.

आधी ९४ या आकड्याबद्दल. प्लॅन ३०० चा असो की ५०० चा, केबलवरचा स्पीड टेस्ट दर वेळी ९४-९५ वर येऊन थांबत असेल, तर ती लिंक, म्हणजे राउटर आणि कॉम्प्युटरमधली जोडणी, १०० एमबीपीएसवर चालली आहे असं समजायला हरकत नाही. उरलेले पाच-सहा कुठे गेले, तर माहितीच्या प्रत्येक तुकड्याला पत्ता, तपासणीचे आकडे आणि दोन तुकड्यांमधली मोकळी जागा लागते. तारेवर १५३८ बाइटची जागा गेली की त्यातले साधारण १४६० बाइट तुमच्या फाइलचे असतात. भागाकार केला की ९५ च्या आसपास येतं. फाइल कॉपी करतानाच्या खिडकीत हाच वेग सेकंदाला साधारण सव्वाअकरा मेगाबाइट असा दिसतो. इंटरनेट खरंच मंद असेल तर आकडा वरखाली होतो, संध्याकाळी पडतो, रात्री सुधारतो. सकाळ-संध्याकाळ ९४ वरच खिळून राहिलेला आकडा लिंकचा असतो.

स्पीड टेस्ट न करताही हे पाहता येतं. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल उघडा आणि हे टाका:

```
Get-NetAdapter | Format-Table Name, LinkSpeed
```

Ethernet च्या ओळीत 100 Mbps दिसेल. पुढचं काहीही करताना दर वेळी हीच ओळ पाहायची. स्पीड टेस्टमध्ये दहा गोष्टी मिसळलेल्या असतात. ही ओळ फक्त कॉम्प्युटर आणि पलीकडचं पोर्ट यांच्यात काय ठरलं तेवढंच सांगते.

आता ते ठरतं कसं. केबल लावली की दोन्ही टोकं एकमेकांना बारीक स्पंदनं पाठवतात आणि आपल्याला काय काय जमतं ते सांगतात. मला १०, १०० आणि १००० जमतं, एका वेळी दोन्ही बाजूंनी बोलायलाही जमतं, अशा स्वरूपाचं. दोघांनाही जमणारी सगळ्यात वरची गोष्ट मग निवडली जाते. सेटिंगमध्ये Auto Negotiation म्हणतात ते हेच. खाच अशी की ही बोलणी केबलमधल्या दोनच जोड्यांवर होतात, पिन १-२ आणि ३-६ वर. १०० एमबीपीएसलाही त्या दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला मात्र चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात.

म्हणजे ४-५ किंवा ७-८ ची जोडी तुटलेली असली, किंवा मुळात जोडलेलीच नसली, तरी बोलणी सुरळीत होतात. दोघेही गिगाबिटवर एकमत करतात, चार जोड्यांवर लिंक जुळवायला जातात आणि ती जुळत नाही. पुढे काय होतं ते कार्डातल्या चिपवर अवलंबून. काही चिप दोन-चार वेळा प्रयत्न करून गुपचूप १०० वर उतरतात. ना सूचना येते, ना लाल खूण. काही चिप प्रयत्न सोडतच नाहीत, मग लिंक जाते-येते, जाते-येते.

तुमच्याकडे काय झालं असावं याचा माझा अंदाज यावरून आहे. त्या यादीत 100 Mbps Full Duplex आपोआप येऊन बसत नाही. आठ-पंधरा सेकंदांनी नेट तुटतंय अशी तक्रार कधी तरी झाली असेल, आलेल्या माणसाने वेग १०० वर बांधून टाकला, तुटणं थांबलं आणि तो गेला. त्याने तेव्हाची अडचण सोडवली, पण दोष होता तिथेच राहिला. तुमच्या मुलाने 1.0 Gbps केलं तेव्हा कार्डाने समोरच्याला फक्त गिगाबिट देऊ केलं आणि उतरायला खालची पायरीच ठेवली नाही. गिगाबिट जुळलं नाही, म्हणून लिंकच उभी राहिली नाही. म्हणजे दोन शक्यता उरतात. केबलच्या चारही जोड्या धड नाहीत, किंवा राउटरचं ते पोर्टच १०० चं आहे.

म्हणून पहिलं काम, सेटिंग Auto Negotiation वर आणा. स्टार्टमध्ये `devmgmt.msc` टाकून उघडा, Network adapters खाली तुमचं कार्ड, Properties, मग Advanced, आणि त्यात Speed & Duplex. OK केल्यावर नेट पाच-सात सेकंद जाईल, घाबरू नका. मग वरची ओळ पुन्हा पाहा. 1 Gbps आलं आणि अर्धा तास टिकलं, तर काम झालं. पण तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून मला वाटतं पुन्हा 100 Mbps येईल, नाहीतर नेट सारखं जाऊ-येऊ लागेल. तसं झालं तर केबल दुरुस्त होईपर्यंत जुनं सेटिंग ठेवून काम चालवा.

हे Full Duplex काय ते इथेच सांगतो, कारण १०० वर बांधून ठेवण्यात एक धोका आहे आणि तो मी जवळून पाहिलाय. फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं, हाफ म्हणजे एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने थांबायचं. काही ड्रायव्हर वेग बांधल्यावरही बोलणी चालू ठेवतात, फक्त 100 Full एवढंच देऊ करतात. काही मात्र बोलणीच बंद करतात. मग Auto वर असलेलं समोरचं पोर्ट तारेवरचे सिग्नल ऐकून वेग १०० आहे एवढं ओळखतं. डुप्लेक्स मात्र ऐकून कळत नाही, आणि नियम असा की कळलं नाही तर हाफ धरायचं. एक बाजू फुल, दुसरी हाफ. एक थांबत नाही, दुसऱ्याला वाटतं टक्कर झाली.

मी पूर्वी ज्या ऑफिसात होतो तिथे जुना नेटवर्क स्विच काढून नवीन बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून अकाउंटच्या एका कॉम्प्युटरचं रडगाणं सुरू झालं. पिंगची छोटी चाचणी केली तर उत्तर एका मिलिसेकंदात, एकही चुकत नव्हतं. मेल उघडत होती. पण ४० मेगाबाइटची फाइल कॉपी करायला घेतली की दहा-दहा मिनिटं लागत. आम्ही दोन संध्याकाळी अँटिव्हायरस आणि हार्ड डिस्कच्या मागे घालवल्या. शेवटी हे चालवून पाहिलं:

```
netstat -e
```

त्यात Errors ची ओळ कॉपी करताना वाढत होती आणि कॉपी थांबवली की थांबत होती. जुन्या स्विचच्या काळात दोन्ही टोकं हाताने 100 Full वर बांधलेली होती. नवीन स्विच Auto वर आला, कॉम्प्युटर मात्र तसाच बांधलेला राहिला. Auto केलं आणि तीच फाइल चार सेकंदांत गेली. पिंगचे तुकडे छोटे आणि एका वेळी एकच, त्यामुळे टक्कर होतच नाही. दोन्ही बाजूंनी गर्दी झाली की खरं रूप दिसतं. तुम्हाला सरळ ९४ मिळतायत, म्हणजे तुमच्याकडे हा घोळ नाही. असता तर ९४ सुद्धा मिळाले नसते. पण उद्या राउटर बदलला तर तो होऊ शकतो, म्हणून बांधलेलं सेटिंग कायमचं ठेवायचं नाही.

आता केबल. भिंतीला हात लावायच्या आधी भिंतीतली केबल बाजूला ठेवून एक चाचणी करा. कारखान्यात तयार झालेली एक-दोन मीटरची पॅच कॉर्ड आणा, अंगावर Cat 5e किंवा Cat 6 छापलेलं असेल. कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये न्या, सेटिंग Auto Negotiation वर आणा आणि त्या कॉर्डने थेट राउटरला जोडा. उचलणं जिवावर येईल, पण ही दहा मिनिटं नंतरचे दोन दिवस वाचवतात. LinkSpeed मध्ये 1 Gbps आलं तर कार्ड, ड्रायव्हर, राउटर सगळे निर्दोष, भिंतीतली केबल किंवा तिची टोकं दोषी. अजूनही 100 च आलं तर राउटरच्या बाकीच्या पोर्टांत एकेक करून लावून पाहा. काही राउटरांत एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि उरलेली १०० ची. काहींत सगळीच १०० ची असतात. राउटरचं वायफाय २७० देतंय म्हणून त्याची लॅन पोर्टं गिगाबिटची असतीलच असं नाही. तसं निघालं तर केबल कितीही चांगली असो, राउटर बदलल्याशिवाय इलाज नाही.

मला मात्र दाट शंका भिंतीचीच आहे. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ही केबल टाकते ती बांधकामाच्या वेळची इलेक्ट्रिकची टीम. मोबदला पॉइंटमागे, आणि तेव्हा चार तारांवर नेट चालायचं. त्यामुळे दोन प्रकार सर्रास दिसतात. एक, चारच तारा प्लगमध्ये क्रिंप केलेल्या, म्हणजे दाबून बसवलेल्या, आणि निळी-तपकिरी जोडी कापून मागे दुमडलेली. दोन, निळी जोडी फोनच्या पॉइंटला वळवलेली. तुमच्या केबलीच्या टोकाचा पारदर्शक प्लग पोर्टातून काढा, पिना वरच्या बाजूला आणि पोर्टात जाणारं टोक तुमच्यापासून लांब असा धरा आणि उजेडात पाहा. डावीकडून १ ते ८ असा क्रम यायला हवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा प्लगच्या पुढच्या टोकाला टेकलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी दोन मिलिमीटर मागे राहिली असेल तर पिनेचा दात तिला लागतच नाही. भिंतीवर सॉकेट असेल तर त्याचं झाकण उघडून तिथेही हेच पाहा. प्लग बरोबर आणि सॉकेटमागे चारच तारा, हेही पाहिलंय.

या क्रमात एक गोष्ट मुद्दाम नीट पाहा, कारण मी स्वतः तिथे फसलोय. मागच्या पावसाळ्यात कर्वेनगरमधल्या एका ओळखीच्या काकांकडे गेलो होतो. लक्षणं तुमचीच, केबलवर ९४, लिंक 100 Mbps. तपकीर गल्लीतून आणलेला साधा केबल टेस्टर माझ्या पिशवीत असतोच. दोन्ही टोकांना लावला. एक ते आठ दिवे क्रमाने लागले, दोन्हीकडे. केबल ठीक आहे असं मी सांगून टाकलं आणि तासभर राउटरशी खटपट करत बसलो. मग काकांनीच प्लग हातात घेऊन विचारलं, हे रंग जोडीजोडीने का लावलेत?

खरंच तसं होतं. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला हे जास्त व्यवस्थित. दोन्ही टोकांना सारखंच लावलेलं, म्हणून प्रत्येक पिन समोरच्या त्याच पिनेला मिळत होती आणि टेस्टर खूश होता. पण पिन ३ आणि ६ ही एक जोडी असते. तिथे ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा आला होता, म्हणजे एकमेकींभोवती पिळ नसलेल्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा. ४-५ चंही तसंच, हिरवा आणि पांढरा-निळा. जोडीतल्या दोन तारा पिळलेल्या असतात म्हणून शेजारच्या जोडीचा त्रास दोघींना सारखाच होतो आणि तो वजा करता येतो. तारा वेगवेगळ्या पिळातल्या झाल्या की ते वजा होणं बिघडतं, एका जोडीचं बोलणं दुसरीत झिरपतं. १०० वर काकांची केबल तरून गेली, गिगाबिटवर मात्र लिंक जुळत नव्हती. साधा टेस्टर फक्त वीज पोचते का एवढंच पाहतो, पिळ पाहत नाही.

दोन्ही प्लग कापले, दोन नवे लावले, हिरव्याच्या दोन तारांमध्ये निळी जोडी घालून. पिळ प्लगच्या तोंडापर्यंत ठेवला, सेंटीमीटरभराच्या वर सोडवला नाही. लावताक्षणी LinkSpeed 1 Gbps झाला आणि काकांच्या ३०० च्या प्लॅनवर २८५ आले. खर्च दोन प्लगचा.

तुमच्याकडे रंग बरोबर असूनही 100 च आलं, तर टेस्टर लावा. तो मिळाला नाही तर वायरमनकडे असतो. ४, ५, ७ किंवा ८ चा दिवा लागला नाही तर ती तार कुठे तरी तुटली आहे. आधी दोन्ही टोकं नव्याने क्रिंप करून घ्या, कारण बहुतेक वेळा तूट टोकालाच असते. तरीही दिवा नाही लागला तर तार पाइपात तुटली आहे आणि नवीन केबल ओढावी लागेल. जुन्या केबलीच्या टोकाला नवीन बांधून ओढली तर भिंत फोडायची वेळ सहसा येत नाही. नवीन घेताना तार शुद्ध तांब्याची आहे ना ते विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबलही सर्रास विकली जाते आणि तिची तार वाकवल्यावर लवकर तुटते. ओळखायचं तर टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरट चकाकलं तर परत करा.

वायरमनला सांगताना "नेट येत नाही" असं सांगू नका, तो येऊन नेट चालू आहे म्हणेल. वर दिलेल्या रंगांच्या क्रमाला टी ५६८ बी म्हणतात, म्हणून असं सांगा: "आठही तारा दोन्ही टोकांना टी ५६८ बी क्रमाने हव्यात, आणि झाल्यावर कॉम्प्युटरवर 1 Gbps दिसल्याशिवाय काम संपलं नाही." तो असतानाच सेटिंग Auto Negotiation वर आणून वरची ओळ टाकून पाहा. केबल हलवून, टेबल भिंतीला सारून पुन्हा पाहा, कारण अर्धवट बसलेला प्लग हलवल्यावरच घसरतो.

हे झालं की सेटिंग Auto Negotiation वरच राहू द्या, 1.0 Gbps वर बांधू नका. गिगाबिटला बोलणी लागतातच. तो पर्याय निवडून वेग वाढत नाही, फक्त केबल पुढे कधी बिघडली तर ९४ वर उतरण्याऐवजी नेट पूर्ण जातं. स्पीड टेस्टमध्ये मग तुम्हाला तीनशेच्या जवळचा आकडा दिसेल. त्याच्या वर जाणार नाही, कारण तिथे प्लॅनची हद्द आहे. फोटो पाठवण्याचा वेग किती वाढेल ते प्लॅनमध्ये अपलोड किती दिलंय त्यावर ठरेल. तो शंभर किंवा त्याहून कमी असेल तर केबल दुरुस्त करूनही पाठवणं आहे तेवढंच राहील, तेव्हा वायरमनला बोलवायच्या आधी बिलावर अपलोडचा आकडा पाहून घ्या.